बांधावरच्या झाडाचं भाडं

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात परभणी परिसरात एक दिवस असा येतो की भर दुपारी उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. वर्तमानपत्रं त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. त्या दुपारी बांधावरच्या आठ मीटर उंच झाडाची सावली त्याच्या बुंध्याभोवतीच गोळा झालेली असते आणि चार पावलांवरच्या सोयाबीनला भरपूर उजेड मिळतो. पाच महिन्यांनी, डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, त्याच झाडाची दुपारची सावली उत्तरेकडे सुमारे साडेसात मीटर लांब पडते. तिथे हरभरा असेल तर दिवसातला सर्वात मोलाचा उजेड त्याच्या वाट्याला कमी येतो.

शेतात झाड लावावं का, या प्रश्नाचं उत्तर शोधताना सुरुवात इथून करायला हवी. झाड पिकाकडून दोन गोष्टी घेतं, ऊन आणि पाणी. किती घेतं हे झाडाच्या जातीवर अवलंबून असतंच, पण ते कोणत्या बांधावर उभं आहे, कोणत्या महिन्यात त्याला पाला असतो आणि त्याची मुळं किती खोल गेली आहेत, यावरही तेवढंच अवलंबून असतं. पिकांबरोबर झाडं वाढवण्याच्या या पद्धतीला कृषी वनशेती म्हणतात. केंद्र सरकारने 2014 मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र राष्ट्रीय धोरण आणलं आणि असं धोरण करणारा भारत हा पहिला देश ठरला. धोरण दिल्लीत ठरलं, तरी हिशेब एकेका बांधावरच करावा लागतो.

एक एकर, पंचवीस झाडं

हा हिशेब एका साध्या उदाहरणावर मांडता येतो. पूर्व-पश्चिम शंभर मीटर लांब आणि उत्तर-दक्षिण चाळीस मीटर रुंद असं एक शेत घेऊ. हे चार हजार चौरस मीटर, म्हणजे जवळपास एक एकर झालं. खरिपात सोयाबीन आणि रब्बीत हरभरा. एका लांब बांधावर चार-चार मीटरवर पंचवीस झाडं लावली आणि ती आठ-दहा वर्षांची झाली.

समजा, झाडांचा परिणाम बांधापासून पाच मीटरपर्यंत पोचतो आणि त्या पट्ट्यात पीक सरासरी चाळीस टक्क्यांनी कमी येतं. पाच मीटर रुंद आणि शंभर मीटर लांब पट्टा पाचशे चौरस मीटरचा, म्हणजे शेताचा आठवा हिस्सा. आठव्या हिश्श्यात चाळीस टक्के घट म्हणजे अख्ख्या शेताची घट पाच टक्के. एकरी आठ क्विंटल सोयाबीन येत असेल तर चाळीस किलो गेलं. सहा क्विंटल हरभरा येत असेल तर तीस किलो गेला. दोन्हींना सरासरी पन्नास रुपये किलो भाव धरला तर वर्षाचे साडेतीन हजार रुपये. पंचवीस झाडांवर वाटले तर प्रत्येक झाड दरवर्षी एकशेचाळीस रुपयांची जागा वापरतं.

हे त्या झाडाचं भाडं समजायचं. ते शेंगांतून, फळांतून, पाल्यातून, सरपणातून किंवा शेवटी लाकडातून फिटलं पाहिजे. दरवर्षी काहीच न देणाऱ्या इमारती लाकडाच्या झाडाने पंधराव्या वर्षी हे सगळं एकदम फेडायचं असतं, आणि तोवर शेतकऱ्याने दरवर्षीची घट सोसायची असते. दोन-चार एकरांच्या मालकाला हा फरक फार जाणवतो. पाच टक्के आणि चाळीस टक्के हे आकडे प्रत्येक शेतात वेगळे येतील. पण ते कमी कसे करायचे, हे सावली आणि मुळं कशी वागतात ते कळल्यावर शेतकऱ्याच्या हातात येतं.

सावली कुठे पडते, कधी पडते

महाराष्ट्र विषुववृत्ताच्या उत्तरेला आहे. त्यामुळे मे ते जुलै हे महिने सोडले तर दुपारची सावली उत्तरेकडे झुकते आणि हिवाळ्यात ती सर्वात लांब होते. वरच्या उदाहरणातलं झाड दक्षिणेच्या बांधावर असेल तर डिसेंबरची साडेसात मीटर सावली आपल्याच हरभऱ्यावर पडते. तेच झाड उत्तरेच्या बांधावर असेल तर ती शेताबाहेर जाते. पूर्व-पश्चिम ओळीचा आणखी एक फायदा असा की सकाळ-संध्याकाळच्या लांब सावल्या बऱ्याच अंशी ओळीच्याच दिशेने, एका झाडाकडून दुसऱ्या झाडाकडे पडतात. दक्षिणोत्तर ओळीत तसं होत नाही. सकाळी पश्चिमेकडची आणि दुपारनंतर पूर्वेकडची पिकं सावलीत जातात, म्हणजे दोन्ही बाजूंचा अर्धा-अर्धा दिवस बुडतो.

उत्तरेच्या बांधापलीकडे रस्ता, नाला किंवा गायरान असेल तर प्रश्न उरत नाही. पलीकडे भाऊबंदाचं किंवा शेजाऱ्याचं शेत असेल तर मात्र आपल्या झाडाचं भाडं तो भरतो. बांधावरच्या झाडावरून होणारी बरीच भांडणं याच साडेसात मीटरची असतात. अशा वेळी ओळ बांधापासून तीन-चार मीटर आत घ्यावी, नाहीतर दोघांनी मिळून झाडं लावून उत्पन्न वाटून घ्यावं. दोन्ही जमत नसेल तर त्या बांधावर उंच झाड लावू नये.

सगळ्या पिकांना सावली सारखीच बाधत नाही. ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस ही कडक ऊन पुरेपूर वापरणारी पिकं आहेत. ऊन जितकं वाढेल तितकं त्यांचं अन्न बनवणं वाढत जातं, म्हणून थोडी सावलीही त्यांना महाग पडते. कापसालाही मोकळं ऊन लागतं, सावलीत त्याची पात्या-फुलं गळतात. हळद, आलं, सुरण, अळू यांना मात्र विरळ सावली चालते. मिरज तालुक्यातल्या आरग-बेडग परिसरातले पानमळे हा याचा जुना दाखला आहे. नागवेलीला चढायला आधार लागतो आणि डोक्यावर हलकी सावली लागते, म्हणून पानमळेवाले शेवरी, हादगा, शेवगा, पांगारा अशी झाडं वेलीबरोबर वाढवतात आणि ऋतू पाहून त्यांच्या फांद्या छाटतात. उन्हाळ्यात पाला ठेवायचा आणि पावसाळ्यात कमी करायचा, हे कौशल्य तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे.

झाडाला पाला कधी असतो, हा मुद्दा उत्तर भारतातल्या पॉपलरने फार स्पष्ट केला आहे. पंजाब, हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशात शेतकरी भर शेतात पॉपलर लावतात. हिवाळ्यात या झाडाची पानं गळून पडतात आणि त्याच काळात खाली गहू वाढत असतो. पहिली दोन वर्षं झाडांमध्ये ऊस घेतात, पुढे गहू, आणि सावली दाट झाली की हळद. सहा-आठ वर्षांत खोड प्लायवूडच्या कारखान्यांना जातं, आणि यमुनानगरची बाजारपेठ याच लाकडावर उभी राहिली आहे. पॉपलरला थंडी लागते, त्यामुळे तो महाराष्ट्रात चालत नाही. तिथून घ्यायचा तो धडा असा की ज्या हंगामात आपलं मुख्य पीक उभं असतं, त्या हंगामात निष्पर्ण होणारं झाड निवडावं. आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यात फायडर्बिया नावाचा बाभळीचा भाऊबंद हेच उलट्या ऋतूत करतो. पावसाळ्यात त्याची पानं झडतात, म्हणून खाली बाजरी येते. कोरड्या दिवसांत त्याला पाला फुटतो आणि गुरांना चारा मिळतो.

आपल्याकडचा साग या कसोटीवर फारसा उतरत नाही. त्याची पानझड साधारण हिवाळा सरता सरता सुरू होते, तोवर रब्बीचं पीक बहुतेक तयार झालेलं असतं. म्हणजे पीक वाढण्याच्या दोन्ही हंगामांत सागाची मोठी पानं जागेवरच असतात. शिवाय पावसात त्या पानांवर पाणी साचून त्याचे जड थेंब पडतात आणि झाडाखालची माती उडते. बांधावर साग लावायचाच असेल तर छाटणी टाळता येत नाही.

छाटणीचा नियम सोपा आहे. खालच्या फांद्या काढत जायचं, पण एका वेळी हिरव्या डोलाऱ्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त काढायचं नाही. एक छाटणी खरिपाच्या पेरणीआधी आणि गरज असेल तर दुसरी रब्बीच्या पेरणीच्या सुमाराला. फांदी खोडाजवळ, तिच्या बुडाशी असलेल्या फुगीर कड्याला धक्का न लावता करवतीने कापायची. कोयत्याने तोडून खुंटी ठेवली तर ती कुजते आणि पुढे लाकडाचा दर्जा जातो. फांद्या कमी झाल्या की झाडाचं पाणी ओढणंही कमी होतं, त्यामुळे एका छाटणीने सावली आणि पाण्याची ओढ या दोन्ही तक्रारी हलक्या होतात.

खरी ओढाताण जमिनीखाली

कोरडवाहू भागात मात्र सावलीपेक्षा मुळांचा त्रास मोठा असतो. हैदराबादजवळच्या कोरडवाहू जमिनीत 1980 च्या दशकात झालेल्या प्रयोगांनी हे दाखवून दिलं. तिथे सुबाभळीच्या ओळी लावून मधल्या पट्ट्यांत चवळी, एरंडी आणि ज्वारी घेतली. झाडांजवळच्या ओळींत पीक घटलं. मग संशोधकांनी झाडं आणि पीक यांच्या मधोमध सुमारे अर्धा मीटर खोल प्लास्टिकचा पडदा जमिनीत उभा पुरला. सावली होती तशीच राहिली, फक्त मुळांची वाट अडली, आणि पिकाची घट जवळपास भरून निघाली. ओलाव्यासाठीची स्पर्धाच पिकाला मारत होती आणि ती वरच्या अर्ध्या मीटरच्या थरातच चालू होती.

झाडाची मुळं खोल जातात, पिकाची वरच राहतात, म्हणून दोघांचं भांडण होत नाही, असं नेहमी सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. खोल जाणारी मुळं झाडाला उन्हाळ्यात जगवतात. पण पाणी आणि खत शोषणारी बारीक तंतुमुळं बहुतेक झाडांतही वरच्या थरात दाट असतात, कारण पावसाचं पाणी आणि कुजलेला पाला तिथेच असतो. जमीन उथळ असेल, फूट-दीड फूट मातीखाली मुरूम असेल, तर झाडाला खोल जायला वावच नसतो. मग ते आडवं पसरतं. म्हणून खोल काळ्या जमिनीत निभावून जाणारं झाड मुरमाड माळावर पिकाचा घास काढून घेतं.

पीक सावलीने खुरटलं की मुळांनी, हे शेतात उभं राहून ओळखता येतं. सावलीतलं पीक उंच, लेचंपेचं आणि फिकट होतं, पानं रुंद आणि पातळ होतात, रोपं लोळतात. मुळांनी पाणी ओढलेलं पीक बुटकं राहतं, पानं लहान होतात, आणि पावसाने आठ-दहा दिवस ताण दिला की भर दुपारी झाडाजवळच्या ओळी आधी माना टाकतात. दिशाही साक्ष देते. रब्बीत घट फक्त उत्तरेच्या बाजूला असेल तर ती सावलीची, झाडाभोवती चारही बाजूंनी सारखी असेल तर ती मुळांची. तिसरी खूण पावसाची. चांगल्या पावसाच्या किंवा ओलिताच्या वर्षी फरक पुसला गेला तर दोष पाण्याच्या ओढीचा होता. तरी शंका राहिली तर बुंध्यापासून तीन मीटरवर फूटभर खोल खड्डा घेऊन पाहावा. त्यात झाडाची बोटाएवढी मुळं आणि त्यांना फुटलेलं तंतूंचं जाळं दिसलं तर उत्तर मिळालं.

यावरचा उपाय म्हणजे चर. झाडांच्या ओळीपासून दीड ते दोन मीटरवर, पिकाच्या बाजूने, ओळीला समांतर दोन-अडीच फूट खोल चर खणतात. त्याने वरच्या थरातली आडवी मुळं तुटतात आणि खोल मुळांना धक्का लागत नाही. पावसाचं पाणी चरात थांबून मुरतं, हा वरचा फायदा. मात्र तुटलेल्या टोकांना नवी मुळं फुटतात, त्यामुळे दर एक-दोन वर्षांनी, उन्हाळ्यात, चर पुन्हा साफ करावा लागतो. बुंध्याच्या फार जवळ किंवा दोन्ही बाजूंनी एकाच वर्षी मुळं तोडली तर वळवाच्या वादळात झाड कोसळू शकतं. म्हणून एका वर्षी एक बाजू घ्यावी.

मुळांना लहानपणीच वळण लावता येतं. पिशवीत फार दिवस राहिलेल्या रोपाचं सोटमूळ तळाशी गोल फिरतं आणि लावल्यावरही ते सरळ खाली जात नाही. बाभूळ, कडुनिंब, अंजन यांचं बी थेट जागेवर पेरलं तर सोटमूळ खोल उतरतं. पहिली दोन वर्षं थोडं-थोडं रोज पाणी देण्यापेक्षा बऱ्याच दिवसांनी पण भरपूर पाणी दिलं तर मुळं ओलाव्यामागे खाली जातात.

चराने आणि छाटणीने उदाहरणातला पाच मीटरचा पट्टा अडीच मीटरवर आला, तर घट निम्मी होते आणि झाडाचं वार्षिक भाडं एकशेचाळीसवरून सत्तर रुपयांवर येतं. चराची आणि छाटणीची मजुरी यातून वजा करायची असते. घरच्या माणसांनी काम केलं आणि फांद्यांचं सरपण झालं तर हा सौदा परवडतो.

कार्बनचे पैसे किती

गेल्या काही वर्षांत शेतकऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगितली जाऊ लागली आहे. झाडं हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून लाकडात साठवतात आणि या साठ्याचे पैसे कार्बन क्रेडिटच्या रूपाने मिळू शकतात. विज्ञान खरं आहे. रक्कम किती, हेही मोजून पाहायला हवं.

छातीच्या उंचीवर पंचाहत्तर सेंटिमीटर घेराचं आणि बारा मीटर उंच असं सागाचं झाड घेतलं, तर झाडाच्या घेर-उंचीवरून वजन काढण्याच्या प्रचलित सूत्रांनी जमिनीवरच्या भागाचं कोरडं वजन सुमारे 230 किलो भरतं. मुळांसाठी त्यात एक चतुर्थांश मिळवला की 285 किलोच्या आसपास. कोरड्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या किंचित खाली कार्बन असतो, म्हणजे सुमारे 135 किलो. कार्बनचा एक किलो हवेतल्या 3.67 किलो कार्बन डायऑक्साइडमधून येतो, म्हणून एका झाडाने जवळपास अर्धा टन वायू अडकवला. बांधावर आणि चांगल्या जमिनीत एवढा घेर यायला पंधरा वर्षं धरली तर पंचवीस झाडांचे मिळून बारा टन, वर्षाला पाऊण टनाच्या थोडं वर.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्या मापाने या बांधाने वर्षाला साडेतीनशे लिटर पेट्रोलचा धूर गिळला. एका एकराच्या एका बांधासाठी हे काम लहान नाही. पैशांत मात्र चित्र वेगळं आहे. टनाला दहा डॉलर भाव मिळाला असं गृहीत धरलं तर वर्षाला आठ डॉलर, म्हणजे सातशे रुपयांच्या आसपास येतात, तेही मोजणी, तपासणी आणि मध्यस्थांचा वाटा जाण्याआधी. बांधाचं भाडं साडेतीन हजार असेल तर कार्बनने त्याचा पाचवा हिस्सा फिटतो.

दुसरी मर्यादा काळाची आहे. झाड तोडून सरपण केलं तर साठवलेला कार्बन चुलीतून परत हवेत जातो. दार-खिडक्यांत गेलं तर आणखी काही दशकं टिकतो. जमिनीत पाल्याने आणि मुळांनी कार्बन वाढतो, पण फार सावकाश, आणि खोल नांगरटीने त्यातला बराच परत उडून जातो. त्यामुळे कार्बनच्या करारावर सही करण्याआधी झाड किती वर्षं तोडता येणार नाही आणि मध्येच वाळलं तर जबाबदारी कोणाची, हे दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. कार्बनचे पैसे जोडधंद्याची वरकड कमाई म्हणून घ्यावेत. फक्त त्यांच्यासाठी झाड लावू नये.

कोणत्या शेताला कोणतं झाड

लहान शेतासाठी झाड निवडताना चार गोष्टी पाहायच्या: डोलारा अरुंद किंवा विरळ आहे का, फांद्या छाटलेल्या चालतात का, दरवर्षी काही हाती येतं का आणि पुढे तोडायला परवानगी लागते का.

कोरडवाहू काळ्या जमिनीत बाभूळ जुनीच सोबतीण आहे. तिची बारीक पर्णिका ऊन झिरपू देते, शेंगा शेळ्या खातात आणि लाकूड औजारांना चालतं. तिच्यातली रामकाठी ही जात केरसुणीसारखी सरळ उभी वाढते, त्यामुळे तिची सावली फारच थोडी पडते. काट्यांचा त्रास आणि पिकावर बसणारी पाखरं ही तिची बाजू विसरू नये. फार कमी पावसाच्या पट्ट्यात शमी, जिला सौंदड म्हणतात, विचारात घ्यावी. हाच राजस्थानचा खेजडी वृक्ष. तिथले शेतकरी तो बाजरीच्या शेतात मुद्दाम राखतात, त्याचा पाला गुरांना घालतात आणि कोवळ्या शेंगांची भाजी करतात. खानदेशाच्या कोरड्या माळावर अंजन तग धरतो, त्याचा पाला गुरं आवडीने खातात. त्याची वाढ मात्र सावकाश आहे.

ज्याला दरवर्षी पैसे हवेत त्याने शेवग्याचा विचार आधी करावा. सावली विरळ, छाटणी सोसणारा आणि पहिल्या दीड-दोन वर्षांत शेंगा देणारा. आपल्या उदाहरणातलं एकशेचाळीस रुपयांचं भाडं शेवग्याच्या दोन-चार किलो शेंगांत फिटतं. पण पंचवीस झाडांच्या शेंगा विकायला जवळ बाजार हवा आणि शेंग अळीवर लक्ष हवं.

खताची गरज असेल तिथे गिरिपुष्प. त्याच्या मीटरभर लांबीच्या जाड फांद्या पावसाळ्याच्या तोंडावर रोवल्या की फुटतात आणि वर्षातून दोन-तीनदा कापून पाला शेतात घालता येतो. ओल्या पाल्याच्या एका टनात साधारण सहा-सात किलो नत्र असतं, म्हणजे चौदा किलो युरियाएवढं. झुडूप कमरेएवढंच ठेवल्यामुळे सावलीचा प्रश्न येत नाही. कोकणातल्या भातशेतीत त्याचा असा उपयोग रुळला आहे.

कोकणाचा हिशेब मुळातच निराळा आहे. पाऊस भरपूर आणि उभी झाडं हेच मुख्य पीक. नारळाच्या बागेत साडेसात मीटर अंतरावर माड असतात आणि त्यांची बरीचशी मुळं बुंध्यापासून दोन मीटरच्या आत राहतात. त्यामुळे मधली बरीच जमीन रिकामी असते. रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्राने या मोकळ्या जागेत जायफळ, दालचिनी, काळी मिरी आणि लवंग बसवण्याची रचना तयार केली. ती लाखीबाग या नावाने ओळखली जाते. माड आठ ते पंचवीस वर्षांचे असताना सावली सर्वात दाट असते, तेव्हा मसाल्याची झाडं बसवण्याआधी झावळ्यांतून किती ऊन खाली येतं ते पाहावं लागतं. सिंधुदुर्गात कुंपणाला आणि बांधाला माणगा बांबू लावतात. तो भरीव आणि बिनकाट्याचा असल्याने त्याला मागणी असते. बांबूची मुळं उथळ आणि दाट, म्हणून पिकाला लागून न लावता नाल्याच्या काठाला किंवा पडीक कडेला लावावा.

डोंगराळ आदिवासी भागासाठी बायफ या संस्थेने 1982 मध्ये गुजरातच्या वांसदा भागात सुरू केलेली वाडी पद्धत पुढे महाराष्ट्रातही पसरली. साधारण एकरभर जमिनीत आंबा आणि काजूची कलमं, कडेने कुंपणाची आणि सरपणाची झाडं, मध्ये नागली, कडधान्यं किंवा भाजी. आंबा दहा मीटर अंतरावर लावला तर एकरात चाळीस झाडं बसतात, आणि फांद्या जुळेपर्यंत सात-आठ वर्षं मधली जमीन पिकाला मोकळी राहते. या रचनेत पीक हळूहळू मागे हटतं, पण तोवर फळ सुरू झालेलं असतं, म्हणून घराचं उत्पन्न तुटत नाही.

काही झाडं लहान शेतात टाळलेली बरी. चिंचेखाली पीक येत नाही, ती घराजवळ किंवा पडीक जागेत लावावी. निलगिरीचा डोलारा अरुंद असतो, पण तिची मुळं पाण्यासाठी दूर जातात. हरियाणात निलगिरीच्या ओळीपासून सुमारे दहा मीटरपर्यंत पीक घटलेलं मोजलं गेलं आहे. उदाहरणातल्या चाळीस मीटर रुंद शेताचा तो पाव हिस्सा होतो. सुबाभूळ चारा आणि सरपण भरपूर देते, पण शेंगा पिकू दिल्या तर तिची रोपं शेतभर तणासारखी उगवतात.

तोडणीच्या कायद्याची माहिती लावतानाच करून घ्यावी. महाराष्ट्रात 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार साग, आंबा, फणस, चिंच, खैर, अंजन अशी काही झाडं स्वतःच्या शेतातलीही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. बांबूला मात्र 2017 च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेर झाडाच्या व्याख्येतून वगळलं आहे. ई-पीक पाहणीत बांधावरची झाडं नोंदवण्याची सोय आहे. ती नोंद दरवर्षी करून ठेवली तर झाड आपलं आहे हे पुढे सिद्ध करत बसावं लागत नाही.

ज्यांच्या बांधावर आधीच झाडं उभी आहेत, त्यांनी येत्या काढणीला एवढं करावं. झाडांच्या ओळीपासून एक, तीन, पाच आणि दहा मीटरवर प्रत्येकी एक चौरस मीटर पीक वेगळं कापावं, मळून वजन करावं आणि वहीत लिहून ठेवावं. शेताच्या दोन-तीन ठिकाणी हेच करून सरासरी काढावी. दहा मीटरवरच्या वजनाच्या तुलनेत जिथपर्यंत घट दिसते, तेवढा पट्टा त्या झाडांनी वापरला. त्याची किंमत काढून ती झाडांच्या उत्पन्नाशी ताडून पाहावी. नवं झाड लावण्याचा, जुन्याची छाटणी करण्याचा किंवा ते काढण्याचा निर्णय हे आकडे हातात आल्यावरच घ्यावा.